तिरोडकर सरांचा अहवाल

तिरोडकर सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो की नाही, हे बघणं माझं काम होतं. सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, मी शिपाई. पाणी भरायचं, खोल्या झाडायच्या, टपाल आणायचं, ही कामं नेमणुकीच्या कागदावर होती. हे काम त्या कागदावर नव्हतं, पण वर्षाचं सगळ्यात मोठं काम तेच.

स्नेहसंमेलन नाताळाच्या सुमारास असायचं. लाऊडस्पीकर मालवणहून भाड्याने यायचा, पण वीज कधी जाईल याचा भरवसा नसे. सरांचा भोंग्यावर मुळीच विश्वास नव्हता. म्हणून संमेलनाच्या आधी चार दिवस, शाळा सुटल्यावर, ते मोठ्या वर्गाच्या मधल्या लाकडी पडद्या काढायला लावत आणि फळ्यापाशी उभे राहून शाळेचा अख्खा वार्षिक अहवाल, संमेलनात वाचायचा तसा, वाचत. मी शेवटच्या बाकावर बसायचं आणि शब्द कळला नाही तर हात वर करायचा. हात वर झाला की ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून. मी चौथी शिकलेली. कितीतरी शब्द ऐकू यायचे पण कळायचे नाहीत. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सर उंच, अंगाने सडसडीत. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशाला एका टोकाला तांबडी आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सील. गावात कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की तांबड्या टोकाने तिच्यातल्या चुका दाखवून ती पत्रिका परत पाठवत, आणि लग्नाला जात. मुलांना त्यांनी कधी हात लावला नाही. मारणारे मास्तर त्यांना आळशी वाटत. शाळेत ते पुस्तकातलं मराठी बोलायचे. मालवणीत बोलले की समजायचं, आता कोणाची तरी सालं निघणार.

शाळेसाठी त्यांनी केलं ते मात्र खरं. ते आले तेव्हा दोन खोल्यांवर झावळ्या होत्या. कौलं त्यांनी घातली, प्रयोगशाळेचं टेबल त्यांनी आणलं, आणि दहावीचा निकाल असा वर नेला की आरोंद्यापासून लोक मुलं नातेवाइकांकडे ठेवून आमच्या शाळेत घालायला लागले. शाळेचा एक खडूसुद्धा त्यांच्या घरी गेला नाही. म्हणून त्यांना कोणी काही बोलू शकत नव्हतं. वाईट माणूस चोरही असता तर गावाला सोपं गेलं असतं.

नोव्हेंबरात एक सूचना निघायची आणि सगळ्या शिक्षकांच्या सह्या व्हायच्या. प्रत्येकाने आपापल्या विभागाचं टिपण आठ दिवसांत द्यायचं. खेळाचं, चित्रकलेच्या परीक्षांचं, चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीचं, विज्ञान प्रदर्शनाचं, सहलीचं, वाचनालयात आलेल्या पुस्तकांचं. टिपणात प्रत्येक मास्तर आपलं नाव दोन ठिकाणी तरी घालायचा. सर तांबड्या टोकाने ती नावं काढून टाकत. मग ते स्वतः सगळं लिहून काढत, आणि कारकून त्याच्या तीन प्रती टंकून देई. एक वाचायची, एक अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायची, कारण पाहुणे आणि अध्यक्ष आपल्या भाषणात काय बोलायचं ते त्यातूनच उचलत, आणि एक दप्तरी.

सरांचा अहवाल लोक झोप न काढता ऐकत. आधी ते मागच्या वर्षीचे संकल्प वाचत. ‘मुलींसाठी स्वच्छतागृह बांधू असे म्हटले होते. बांधले. कुंपण घालू म्हटले होते. घातले नाही. दोष माझा.’ मग पटसंख्या, शालान्त परीक्षेचा निकाल, मग बाकीचं यश, मग पुढच्या वर्षीचे संकल्प, आणि शेवटी आभार. आभारांत कोण कोणाच्या आधी येतो यावरून गावात चुली वेगळ्या व्हायची वेळ येई. काजूच्या कारखान्याच्या मालकाने एकदा खुर्च्या दिल्या आणि आपलं नाव सरपंचांच्या वर यावं म्हणून निरोपांवर निरोप पाठवले. सरांनी त्यांचं नाव अगदी पहिलं घेतलं. ‘त्यांनी शाळेस चार खुर्च्या दिल्या. पैकी एकीचा पाय मोडका आहे. तीन खुर्च्यांबद्दल शाळा त्यांची आभारी आहे.’ मालक त्या मोडक्या खुर्चीवर बसले होते की नाही ते मला माहीत नाही, पण उठून गेले हे मी पाहिलं. लोक आठवडाभर हसत होते. मीही हसले.

यश आणि संकल्प यांच्यामध्ये सरांचा स्वतःचा असा एक परिच्छेद असे. दुसऱ्या कुठल्या शाळेत तो नसेल. त्याला ते ‘उणिवा’ म्हणत. दहावीतली जी मुलं सहामाहीत तीनपेक्षा जास्त विषयांत नापास झाली, त्यांची नावं ते वडिलांच्या नावासकट वाचत. नुसतं गोड सांगणारा अहवाल हा अहवाल नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ती मुलं घरी सांगत, ‘संमेलनाक येव नकात, गर्दी आसता.’

गंगूला कोणी सांगितलं नव्हतं. गंगू बंदरावर मासळी घेऊन बाजारात विकायची. तिचा मुलगा प्रकाश खोखोच्या संघात होता, आणि त्या वर्षी संघ तालुक्यात पहिला आला होता. ती टोपली घरी टाकून, अंग धुऊन, आबोलीचा वळेसर माळून आली आणि बायकांत पुढे बसली. खोखोचं वाचताना सरांनी नुसतं ‘शाळेचा संघ’ म्हटलं. मग उणिवा आल्या. सरांनी प्रकाशचं नाव त्याच्या मेलेल्या बापाच्या नावासकट घेतलं, आणि गंगूने टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरून नाव घेतात ते कौतुकाचंच, असं तिला वाटलं. पूर्ण मंडपात एकटी वाजवत होती. शेजारच्या बाईने तिचा हात धरला तेव्हा ती हसून म्हणाली, “माझो झील तो.”

सर थांबले. तिच्या टाळ्या पूर्ण होईपर्यंत कागद खाली धरून शांत उभे राहिले. मागून कोणी हसलं, मग सगळे हसले. मग सरांनी पुढचं नाव घेतलं.

प्रकाश दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. होडीवर गेला. पुढच्या वर्षीच्या अहवालात पटसंख्या एकाने कमी होती.

आता केळुसकर मास्तरांचं.

मास्तर गणित शिकवायचे. वालावलला त्यांचं घर होतं, पण शाळेजवळ दोन खोल्या घेऊन राहात. जानेवारीपासून मार्चपर्यंत दहावीची मुलं उजाडायच्या आधी त्यांच्या ओसरीवर बसायची. मास्तर कंदील लावून शिकवायचे आणि त्यांची बायको पोरांना पेज द्यायची. कोणाकडून दमडी घेतली नाही. शाळेचा निकाल वर गेला तो या ओसरीवरून, हे गावातल्या पोरालाही माहीत होतं. अहवालात मात्र सव्वीस वर्षं ‘सर्व शिक्षकवृंद’ एवढंच यायचं. त्यातली शेवटची अकरा वर्षं तिरोडकर सरांची.

मास्तर बोलून दाखवत नसत. पण दर संमेलनाच्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून येत, आणि अहवाल संपला की आधी कोटाचं वरचं बटण काढत. एकदा माठापाशी पाणी पिताना माझ्याजवळ आपणहून म्हणाले होते, “मोठा काय नको गो माका. ‘गणिताचे केळुसकर’ एवढाच म्हटल्यान तरी पुरे.” म्हणाले आणि लाजले. मी खाली बघितलं.

त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. त्यांच्यापुढे तो शेवटचाच अहवाल होता.

तालमीच्या पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले होते. आभार चालू झाले. अध्यक्ष, संस्था, देणगीदार, ग्रामस्थ, सगळं झालं. मग सर म्हणाले, ‘गेली सव्वीस वर्षे या शाळेचे गणित ज्यांनी पहाटे आपल्या ओसरीवर दिवा लावून सांभाळले, ते श्री. केळुसकर या वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. या शाळेचा निकाल हा त्यांचा निकाल आहे.’

माझा हात आपोआप वर गेला. सरांनी विचारलं, ऐकू आलं नाही का? मी मान हलवली. त्यांनी पुन्हा वाचलं. मला ते पुन्हा ऐकायचं होतं, एवढंच.

चांगलं कोणाला म्हणतात हे सरांना पक्कं कळत होतं. गावात दुसऱ्या कोणालाही ते इतकं कळत नव्हतं. हे आठवलं की मला त्यांचा जास्त राग येतो.

तालमीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम होता. पाच वर्षांत मी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता. तसंही मी कोणाशी फार बोलत नसे. पण दुसऱ्या दिवशी मास्तर मंडपाच्या खांबांची मापं घेत होते, आणि मी जवळून जाताना बोलून गेले. “मास्तरानू, यंदा तुमचा नाव आसा. दोन वाक्यां आसत.” त्यांनी हातातली दोरी सोडली. विचारलं, काय म्हटलंय? मी आठवत होतं तसं सांगितलं. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “ओसरीचा म्हटल्यान? ओसरीचा?”

मला वाटलं होतं, ते हे मनात ठेवतील. पण माणूस सव्वीस वर्षांनी मिळालेलं एकटा कसा ठेवणार?

संमेलन चार वाजता होतं. तीन वाजताच वालावलहून एक टॅक्सी आली. तिच्यातून मास्तरांची बायको, रेडी गावात दिलेली लेक, जावई आणि मास्तरांची आई उतरली. आई ऐंशीच्या पुढची, कानाने मंद, नेसायला जुनं हिरवं इरकल. जावयाने तिला जवळजवळ उचलूनच आणलं. दाराशी तिरोडकर सर पाहुण्यांची वाट बघत उभे होते. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, आज सगळेच कसे?

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, प्रश्न कळला असावा. म्हणाली, “तुम्ही माझ्या झिलाचा नाव वाचतल्यात मां, म्हणान इलंय.”

सरांनी जोडलेले हात खाली घेतले. मग हसले आणि मालवणीत म्हणाले, “बसा आये, बसा. फुडे बसा.”

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी गुलाबपाण्याचं तबक धरून उभी होते.

ऑफिसात त्यांनी मला बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. टेबलावर तिन्ही प्रती होत्या, अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायचीसुद्धा अजून गेली नव्हती. सर रागावले नव्हते. खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, “वाचता येतं ना तुम्हाला, सुमतीबाई?”

मी म्हटलं, येतं थोडं.

“आभारांचं पान काढा. ते वाक्य शोधा.”

मी बोट लावून शोधलं. सापडलं. त्यांनी खिशातली पेन्सील काढून तांबडं टोक माझ्याकडे करून धरली. “खोडा. अक्षर दिसता कामा नये.”

माझी नोकरी कायम झाली नव्हती. मान्यतेचे कागद त्याच टेबलाच्या खणात होते आणि सरांची सही व्हायची होती. सरांनी ते तोंडातून काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी दुसरीत होती. हे मी स्वतःसाठी लिहीत नाही. काय झालं ते लिहिते आहे.

मी खोडलं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, “‘ओसरी’ अजून दिसते.” मी पुन्हा घासलं. मग दुसरी प्रत. मग दप्तरी ठेवायची तिसरी. कार्बनची अक्षरं तांबड्याखाली लवकर मरत नाहीत. तिसऱ्या प्रतीला कागद फाटला.

“माझो अहवाल माझ्या आधी गावात फिरता,” सर म्हणाले, मालवणीतच. “फिरांदे. आता त्यात काय आसा, तां फक्त माका आणि तुका ठावक.” मग पेन्सील उलटी करून त्यांनी त्या जागी निळ्याने स्वतः एक ओळ लिहिली. मला वाचू दिली नाही.

ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांना श्रीफळ दिलं. वीज टिकली होती. सर अहवालाला उभे राहिले. तिसऱ्या रांगेत मास्तरांचं माणूस न् माणूस बसलं होतं. मास्तर स्वतः शिक्षकांत, बाजूला, इस्त्रीच्या कोटात.

निकाल आला तेव्हा सरांनी जिल्ह्यात कितवा ते सांगितलं. गणिताचं वेगळं काही म्हटलं नाही. मास्तरांची लेक आईकडे बघून हसली, अजून आहे, पुढे आहे, असं. उणिवा झाल्या. संकल्प आले. आणि तेव्हा मला कळलं की नुकसान नुसतं खोडण्याचं नव्हतं. कारण संकल्पांत तिसराच संकल्प असा होता की गणितासारख्या महत्त्वाच्या विषयाला पुढील वर्षापासून नवा, प्रशिक्षित शिक्षक मिळत आहे, आणि त्यामुळे निकाल याहून उंचावेल. तालमीत हे मी चारही दिवस ऐकलं होतं. पुढे मास्तरांची दोन वाक्यं होती, म्हणून ते टोचलं नव्हतं. आता पुढे काही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळ्या अध्यक्षांच्या.

आभार. अध्यक्ष, संस्था, देणगीदार, ग्रामस्थ. मास्तर पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसले होते. सरांनी पान किंचित वर धरलं.

“आणि शाळेच्या शिपाई श्रीमती सुमती यांचे विशेष आभार. या शाळेत काय चालते, हे गावाला त्यांच्यामुळे कळते.”

लोकांना वाटलं सरांनी गंमत केली. हशा झाला, मग टाळ्या झाल्या. पोरं मागे वळून मला शोधत होती. माझं नाव कोणी असं कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. मग ‘सर्व शिक्षकवृंद’, आणि सर बसले.

तिसऱ्या रांगेत म्हातारीने मास्तरांच्या लेकीला विचारलं. कानाने मंद माणसं हळू बोलत नाहीत. “वाचल्यान काय गो?”

नात तिच्या कानाशी वाकली. “होय गो आजी, वाचल्यान.”

“काय म्हटल्यान?”

“बरा म्हटल्यान.”

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मास्तर समोर बघत होते. कोटाचं वरचं बटण त्यांनी लावलेलंच ठेवलं.

बक्षिसं चालू झाल्यावर मास्तर माठापाशी आले. मी पेले विसळत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मनाचा सांगलंस काय गो? माका बरा वाटात म्हणान?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. वाक्य होतं, मास्तर. दोन होती. सरांनीच लिहिली होती. पण मग ती गेली कुठे, हे त्यांनी विचारलं असतं, आणि माझ्या बोटांना तांबडं लागलेलं होतं.

“होय,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “तुझो जीव चांगलो,” म्हणाले, आणि पाणी न पिता गेले.

मे महिन्यात ते वालावलला परत गेले. सरांनी त्यांना निरोपाला शाल दिली, श्रीफळ दिलं, सगळं नियमाप्रमाणे. जूनमध्ये माझी मान्यता आली. सरांनी एक दिवसही उशीर केला नाही.

दोन वर्षांनी तिरोडकर सरही निवृत्त होऊन कुडाळला राहायला गेले. त्यांच्या जागी आलेले सर मऊ स्वभावाचे. त्यांनी उणिवांचा परिच्छेद काढून टाकला. अहवाल लोकांना कंटाळवाणा वाटायला लागला.

मास्तर श्रावणात गेले. त्या वर्षीच्या अहवालाच्या सुरुवातीला दुखवट्यात त्यांचं नाव आलं. ‘माजी गणित शिक्षक.’ सगळा मंडप उभा राहिला, पाहुणेसुद्धा. मीही दाराशी उभी राहिले. मी तशीही उभीच होते.

त्यानंतर महिन्याभराने तिरोडकर सर पेन्शनच्या कागदावर सही-शिक्का घ्यायला शाळेत आले. मुख्याध्यापक वर्गावर होते, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. बारीक झाले होते, सदऱ्याचा गळा मोठा झाला होता. मी पाणी नेऊन दिलं. मला ओळखलं. विचारलं, केळुसकर गेले असं ऐकलं. मी म्हटलं, गेले.

“अहवालात घेतलं?”

“घेतल्यानी. दुखवट्यात. सगळे उभे रवले.”

“दुखवट्यात उभं राहावंच लागतं,” सर म्हणाले.

पाणी प्यायले. पेला परत दिला नाही, हातातच फिरवत राहिले. वर्गातून पाढे ऐकू येत होते. मग माझ्याकडे न बघता, आवाज इतका खाली आणून की मला वाकावं लागलं, त्यांनी विचारलं, “माझा उल्लेख होता का कुठे?”

होता. प्रयोगशाळेच्या नव्या खोलीबद्दल वाचताना नव्या सरांनी त्यांचं नाव घेतलं होतं, पाया त्यांनी घातला असं म्हटलं होतं. चांगल्या तीन ओळी होत्या. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

“नाय, सर,” मी म्हटलं.

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. सही होईपर्यंत तिथेच बसून राहिले, पाठ ताठ ठेवून. शिक्का झाल्यावर कागद घडी करून खिशात घातला आणि एस्टी पकडायला निघाले. मधली सुट्टी झाली होती. पोरं भसाभस बाहेर आली. त्यांतलं एकही त्यांना ओळखत नव्हतं, म्हणून कोणी वाट दिली नाही. सर एका बाजूला, कुंपणाला लागून थांबले, आणि पोरं संपेपर्यंत तसेच उभे राहिले.